बँक नाव नाही, नंबर वाचते

चेकवर नाव चुकलं की चेक परत येतो. ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की नेट बँकिंगमध्येही माणूस नावाचं स्पेलिंग दोनदा तपासतो आणि खाते क्रमांक भराभर टाकून मोकळा होतो. एनईएफटी, आरटीजीएस किंवा आयएमपीएसने पाठवलेले पैसे जमा होतात ते मात्र खाते क्रमांकावर. समोरच्याचं नाव अचूक आणि क्रमांकात दोन आकडे मागेपुढे झालेले असले, तर पैसे त्या चुकीच्या क्रमांकाच्या मालकाकडे जातात. त्याने संमती दिल्याशिवाय बँक ते सहसा परत काढून देऊ शकत नाही.

समजा, वाईच्या एक निवृत्त शिक्षिका पुण्यात शिकणाऱ्या नातीच्या खोलीचं भाडं दरमहा १८,००० रुपये पाठवणार आहेत. त्यांना आधी नेट बँकिंग सुरू करायचंय. पासबुक, डेबिट कार्ड आणि बँकेत नोंदवलेल्या नंबरचा मोबाइल जवळ घेऊन बसायचं. पासबुकच्या पहिल्या पानावर खाते क्रमांकाबरोबर ग्राहक क्रमांकही असतो, काही बँका त्याला सीआयएफ म्हणतात. साइटचा पत्ता सर्च करून शोधू नका, कारण वरती दिसणारी पहिली लिंक बनावट असू शकते. पत्ता स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांच्या साइट आता `.bank.in` या शेपटाच्या पत्त्यावर आल्या आहेत, तेवढं नजरेने तपासा. मोबाइल नंबर बदललेला असेल तर मात्र सहसा आधी शाखेत जावं लागतं, घरबसल्या पुढे सरकता येतंच असं नाही. स्टेट बँकेसारख्या काही बँका नोंदणीच्या वेळी फक्त खातं बघण्याचा अधिकार हवा की पैसे पाठवण्याचाही, हे विचारतात. धाकधूक असेल तर सुरुवात बघण्यापासून करावी.

आता मर्यादा. बँक रोज काही लाख पाठवू देते म्हणून ती तशीच ठेवायची गरज नाही. बाईंचा सगळ्यात मोठा खर्च १८,००० चा, तर दिवसाची मर्यादा २५,००० पुरे. नातीची वर्षाची फी ८०,००० भरायची असेल तेव्हा आदल्या दिवशी वाढवायची, फी गेली की परत खाली आणायची. मर्यादा कमी करणं सहसा लगेच होतं. वाढवताना ओटीपी लागतो, कुठे काही तास थांबावंही लागतं. चोराच्या हाती पासवर्ड पडला तरी त्याला याच वाटेने जावं लागतं. एक मात्र ध्यानात ठेवा, यूपीआयची मर्यादा वेगळी असते. इथे २५,००० केले म्हणून तिकडचं दार बंद होत नाही.

मग येतं घरमालकांचं खातं जोडणं. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. खाते क्रमांक दोनदा विचारतात, तो दोन्ही वेळा कागदावरून बघून टाइप करावा. कॉपी-पेस्ट केला तर चूकही दोनदा तशीच उमटते. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत अशी सोय करायला सांगितली होती, की क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर दिसेल. ती वापराच. घरमालक एका माणसाचं नाव सांगतात आणि पडद्यावर भलत्याच ट्रेडर्सचं नाव येतंय, तर फोन करून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोन आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करायचा. ‘आमचं खातं बदललंय’ अशा मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर केलात, तर हो म्हणणारा तोच भामटा असेल.

नवीन खातं जोडल्यावर पहिले काही तास, कुठे पूर्ण दिवस, एक तर पैसे पाठवता येत नाहीत किंवा थोडेच पाठवता येतात. लोक यावर वैतागतात, पण घोटाळा लक्षात यायला मिळतो तो हाच वेळ. तो सरला की बाईंनी आधी १३ रुपये पाठवावेत आणि घरमालकांना विचारावं, ‘किती आले?’ आकडा आपण सांगायचा नाही. ‘तेरा’ असं उत्तर आलं की मग उरलेले १७,९८७.

ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. तो कशासाठी आहे, हे त्यातच लिहिलेलं असतं. तुम्ही काहीच करत नसताना ‘बेनिफिशरी जोडण्यासाठी’ असा ओटीपी आला, तर दुसरं कुणी तुमच्या खात्यात शिरलं असण्याची दाट शक्यता आहे. अडलंय ते फक्त त्या सहा आकड्यांवर. ते कुणालाही सांगू नका, लगेच पासवर्ड बदला आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवा. पैसे गेलेच असतील तर बँकेबरोबर १९३० वरही फोन करा, तोही त्याच घटकेला. पैसे बँकांच्या खात्यांतून बाहेर काढले जाण्याआधी तक्रार पोचली, तरच ते वाटेत गोठवता येतात.