काच खाली केली तरी धूर आतच

मोटारीत मूल बसलेले असताना सिगारेट पेटवणारा माणूस बहुधा आधी आपल्या बाजूची काच खाली करतो. धूर बाहेर जाईल, मागे बसलेल्या मुलाला त्रास होणार नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. काच उघडल्याने धूर कमी होतो हे खरे. पण मुलाच्या श्वासाला सुरक्षित म्हणता येईल इतका तो कमी होत नाही. याचे कारण साध्या हिशोबातून कळते.

छोट्या मोटारीच्या आत सुमारे 3 घनमीटर हवा मावते. एक सिगारेट जळून संपेपर्यंत साधारण 10 मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत सोडते. हे कण इतके बारीक असतात की नाकात किंवा घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. सगळे कण आतच राहिले, तर दर घनमीटर हवेत 3,000 मायक्रोग्रॅमहून अधिक कण होतील. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली चोवीस तासांच्या सरासरीसाठी 25 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली होती आणि 2021 मध्ये ती 15 वर आणली.

आता काच उघडू. अमेरिकेतील संशोधकांनी चालत्या मोटारींवर केलेल्या मोजणीत असे दिसले की काचा बंद आणि पंखाही बंद असेल, तर आतली हवा तासाला सात वेळाही बदलत नाही. एक काच तीन इंच उघडली की हे प्रमाण 8 ते 16 पट होते. म्हणजे अंदाजे दर मिनिटाला आतली सगळी हवा एकदा बदलते. ऐकायला हे पुरेसे वाटते. पण सिगारेट पाच-सहा मिनिटे जळत असते आणि प्रत्येक मिनिटाला दीड मिलिग्रॅमहून अधिक नवे कण सोडत असते. मिनिटाला 3 घनमीटर हवा बदलत असताना हे कण आत मिसळत राहिले, तर सिगारेट जळत असेपर्यंत पातळी 500 मायक्रोग्रॅमच्या आसपास राहते. ती 25 च्या खाली आणायची तर गाडीतली सगळी हवा मिनिटाला वीसहून अधिक वेळा बदलावी लागेल. अर्धवट उघडलेल्या एका काचेतून ते होणे नाही. सिगारेट विझल्यावर मात्र उघड्या काचेमुळे हवा काही मिनिटांत निवळते. बंद गाडीत त्याला अर्धा तासही लागू शकतो. काचेचा उपयोग खरा आहे तो एवढाच.

हा हिशोब धूर आत सारखा मिसळतो असे धरून केला आहे. सिगारेट खिडकीला टेकवून धरली, तर बराचसा धूर परस्पर बाहेर जातो आणि प्रत्यक्षातला आकडा खाली येतो. स्कॉटलंडमधील अबर्डीन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमके हेच तपासले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 17 जणांच्या गाड्यांत, मागच्या सीटवरची हवा मोजण्यासाठी उपकरणे ठेवून, 104 प्रवासांची नोंद घेतली गेली. प्रवास नेहमीचेच होते, सरासरी 27 मिनिटांचे. धूम्रपान नसलेल्या प्रवासात कणांची सरासरी 7.4 मायक्रोग्रॅम होती, तर धूम्रपान असलेल्या प्रवासात 85. प्रत्येक प्रवासातील सर्वोच्च पातळ्यांची सरासरी 385 निघाली आणि एका प्रवासात पातळी 880 च्याही वर गेली. बहुतेकांनी काच उघडली होती किंवा पंखा लावला होता. तरीही धूम्रपान झालेल्या प्रत्येक प्रवासात कधी ना कधी 25 ची मर्यादा ओलांडली गेली. सरासरी आणि सर्वोच्च पातळी यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे, कारण मुलाला धूर संथ लयीत मिळत नाही. सिगारेट पेटलेली असताना तो एकदम दाट होतो.

धूर आत का येतो, हेही पाहण्यासारखे आहे. ओढणाऱ्याने सोडलेला धूर खिडकीबाहेर फुंकता येतो, पण गाडीतला बहुतांश धूर त्याच्या तोंडातून येतच नाही. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटचे जळते टोक सतत धुमसत असते आणि मोठा वाटा त्याचा असतो. गाडी धावत असताना खिडकीच्या फटीतून काही हवा बाहेर ओढली जाते, तर त्याच फटीतून काही आत शिरते. त्या भोवऱ्यात धूर मागच्या सीटकडेही फेकला जातो. सिग्नलला किंवा वाहतूक कोंडीत गाडी थांबली, की वाऱ्याचा हा आधारही जातो. पावसात आणि थंडीत काच वर जाते. एसी आतलीच हवा फिरवत असेल, तर तो धूर बाहेर काढत नाही, फक्त गार करतो.

मागे बसलेल्या मुलाची स्थिती मोठ्यांपेक्षा वेगळी असते. तान्हे बाळ मिनिटाला तीस-चाळीस वेळा श्वास घेते, मोठा माणूस बारा ते वीस वेळा. वजनाच्या मानाने मूल जास्त हवा आत घेते आणि त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. दम्याचे झटके, छातीचा संसर्ग, कानात पाणी साठून ऐकू कमी येणे आणि तान्ह्या बाळाचा झोपेतला आकस्मिक मृत्यू यांचा दुसऱ्याच्या धुराशी संबंध प्रस्थापित झाला आहे. शिवाय पट्ट्याने बांधलेल्या मुलाला उठून दुसरीकडे जाता येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2015 पासून लागू असलेल्या नियमांनी खिडकीच्या युक्तिवादाला जागाच ठेवलेली नाही. उघडता येणारे दार किंवा खिडकी असलेली, पूर्ण वा अर्धवट छप्पर असलेली गाडी तिथे बंदिस्त मानली जाते. मग काच किती खाली आहे, सनरूफ उघडे आहे की एसी चालू आहे, याने फरक पडत नाही. गाडीत अठरा वर्षांखालील कोणी असेल आणि एकूण एकाहून अधिक माणसे असतील, तर धूम्रपान गुन्हा ठरतो. छप्पर पूर्ण खाली केलेली गाडी वगळली आहे. सतरा वर्षांचा चालक एकटाच असेल, तर त्यालाही नियम लागू नाही. दंड 50 पौंडांचा आहे आणि तो ओढणाऱ्याबरोबर चालकालाही होऊ शकतो, कारण दुसऱ्याला ओढू देणे हाही गुन्हा आहे. मामाने सिगारेट पेटवली आणि आई गाडी चालवत गप्प राहिली, तर दोघेही कचाट्यात सापडतात.

धावत्या गाडीत कोण ओढतो आणि मागचे मूल किती वर्षांचे आहे हे रस्त्यावरून ठरवणे अवघड असल्याने असा नियम पोलिसांना राबवता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण परिणाम दंडाच्या पावत्यांत शोधण्यापेक्षा मुलांच्या उत्तरांत शोधावा लागतो. इंग्लंडमध्ये 13 ते 15 वर्षांच्या ज्या मुलांनी गाडीत नियमित धूर सोसावा लागतो असे सांगितले, त्यांचे प्रमाण 2014 मध्ये 5.9 टक्के होते. 2016 मध्ये ते 1.6 टक्के झाले. नियमामुळे नातेवाइकाला अडवणे घरच्यांना सोपे झाले असावे, असे म्हणायला जागा आहे.

इतर देशांत वयाची रेषा वेगवेगळी आहे. स्कॉटलंडने 2016 च्या डिसेंबरात अठराच ठेवली आणि दंड दुप्पट, 100 पौंड केला. कॅनडातल्या ओंटारियोने 2009 साली सोळा धरली. कॅलिफोर्नियात 2008 चा कायदा अठराखालील मुलांसाठी आहे, पण केवळ याच कारणासाठी पोलिसांना गाडी अडवता येत नाही.

भारतात 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे कलम 4 सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करते आणि सार्वजनिक वाहनांचा त्या व्याख्येत समावेश आहे. त्यामुळे एसटी बस, रिक्षा किंवा टॅक्सीत सिगारेट ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच टॅक्सीमागून येणारी कुटुंबाची खासगी मोटार मात्र या कलमाच्या बाहेर आहे, मागच्या सीटवर तान्हे बाळ असले तरी. खासगी गाडी त्यात आणायची, तर सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येवर विसंबून चालणार नाही. गाडीतल्या मुलाचे वय हाच निकष धरणारी स्वतंत्र तरतूद लागेल.