सहा मीटरची तुळई किती वाकेल?

दोन भिंतींवर एक लोखंडी आय-तुळई टेकवली आहे. दोन टेकूंमधले अंतर ६ मीटर. डाव्या टेकूपासून १ मीटरवर एक आडवी छोटी तुळई येऊन बसते आणि २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टनांचा भार टाकते. २ मीटरवर दुसरी येते, तिचा भार ४० किलोन्यूटन. पुढे ३ मीटरपासून ५ मीटरपर्यंत तुळईवर नऊ इंची विटांची सव्वादोन मीटर उंच भिंत उभी आहे. तिचे वजन दर मीटरला सुमारे १० किलोन्यूटन भरते. शेवटचा एक मीटर मोकळा आहे. पोटमाळ्याखाली किंवा दुकानाच्या दर्शनी बाजूला अशी तुळई बऱ्याच ठिकाणी असते.

ही तुळई तुटणार नाही, हे ठरवणे तुलनेने सोपे. किती वाकेल, हा प्रश्न जास्त चिवट आहे. तुळई पुरेशी मजबूत असूनही जास्त वाकली, तर वरच्या भिंतीला तिरक्या भेगा पडतात, आणि प्लास्टर कितीही वेळा भरले तरी त्या पुन्हा उघडतात.

हिशेबाचे मूळ सूत्र जुने आहे. तुळईच्या कोणत्याही छेदात भारांमुळे जो बेंडिंग मोमेंट येतो, त्याला तुळईच्या ताठपणाने भागले की त्या जागेची वक्रता मिळते. ताठपणा म्हणजे पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक E आणि छेदाच्या आकारावरून येणारा I यांचा गुणाकार. वक्रतेचे एकदा इंटिग्रेशन केले की तुळईचा उतार मिळतो, दुसऱ्यांदा केले की बाक. अडचण अशी की मोमेंटचे सूत्र प्रत्येक भारापाशी बदलते. आपल्या तुळईचे पाच तुकडे पडतात: टेकूपासून पहिल्या भारापर्यंत, तिथून दुसऱ्यापर्यंत, मग भिंतीच्या सुरुवातीपर्यंत, भिंतीखालचा, आणि शेवटचा मोकळा मीटर. प्रत्येक तुकड्याचे दोनदा इंटिग्रेशन करायचे म्हणजे दोन-दोन अज्ञात स्थिरांक, एकूण दहा. ते सोडवायला दहा समीकरणे लागतात: प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंचा उतार सारखा, बाक सारखा, आणि दोन टेकूंवर बाक शून्य. हे काम हाताने करताना कुठेतरी चिन्ह चुकतेच.

यावरचा उपाय जर्मन गणिती आल्फ्रेड क्लेब्श यांनी १८६२च्या आपल्या ग्रंथात दिला होता. इंग्रजी वाचणाऱ्या जगात तो केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. मॅकॉले यांच्या १९१९च्या छोट्या टिपणामुळे रुजला. म्हणून आपल्याकडे डिप्लोमा-डिग्रीच्या वर्गांत ‘मॅकॉलेची पद्धत’ हेच नाव चालते. आता पुस्तके तिला सिंग्युलॅरिटी फंक्शनची पद्धत असेही म्हणतात.

युक्तीचा गाभा एका कंसात आहे. ⟨x−2⟩ असा टोकदार कंस लिहायचा आणि त्याचा नियम पाळायचा: x दोनपेक्षा कमी असेल तर कंसाची किंमत शून्य, जास्त असेल तर नेहमीसारखी x−2. विजेच्या खटक्यासारखा हा कंस २ मीटरवर आल्यावर चालू होतो. तोपर्यंत तो भार आहे हे समीकरणाला माहीतच नसते. त्यामुळे पाच तुकड्यांची पाच सूत्रे न लिहिता सगळ्या तुळईला पुरणारे एकच सूत्र लिहिता येते.

आधी टेकूंच्या प्रतिक्रिया काढू. डाव्या टेकूभोवती मोमेंट घेतले तर २० × १, ४० × २ आणि भिंतीचे एकूण २० किलोन्यूटन तिच्या मध्यावर, म्हणजे ४ मीटरवर: २० + ८० + ८० = १८०. त्याला ६ ने भागले की उजवी प्रतिक्रिया ३० किलोन्यूटन. एकूण भार ८०, म्हणून डावी ५०.

आता डावीकडून निघून शेवटच्या मोकळ्या तुकड्यात छेद घ्यायचा आणि त्याच्या डाव्या बाजूला जे जे आहे ते लिहायचे. बिंदूभार सरळ येतात. भिंतीपाशी मात्र थांबून विचार करावा लागतो. एकदा चालू झालेला कंस बंद होत नाही, आणि भिंत तर ५ मीटरवर संपते. म्हणून भिंत ३ मीटरपासून तुळईच्या टोकापर्यंत जाते असे मानायचे आणि ५ मीटरपासून पुढे तेवढाच भार उलट दिशेने, खालून वर लावायचा. शेवटच्या मीटरात दोन्ही एकमेकांना खातात आणि खरी परिस्थिती उरते.

```
M = 50x − 20⟨x−1⟩ − 40⟨x−2⟩ − 5⟨x−3⟩² + 5⟨x−5⟩²
```

शेवटचे पद विसरणे ही या पद्धतीतली सर्वात नेहमीची चूक, आणि आपल्या उदाहरणात ती लबाडही आहे. ते पद गाळून पुढचा सगळा हिशेब केला, तर मधल्या बाकाच्या उत्तरात हजारात एकाचाही फरक पडत नाही, कारण मोकळा तुकडा टेकूला लागून आणि आखूड आहे. उत्तर पाहून चूक कळणारच नाही. भिंत मधेच संपून पुढे तीन-चार मीटर मोकळे असते, तर त्याच विसरण्याने उत्तर पार बिघडले असते. म्हणून इंटिग्रेशन सुरू करण्याआधी x = ६ घालून पाहावे. नुसत्या टेकवलेल्या टोकाला मोमेंट शून्यच असतो: ३०० − १०० − १६० − ४५ + ५ = ०. शेवटचे पद विसरले असते तर इथे उणे ५ उरले असते. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी प्रतिक्रियांमधली चूकही पकडते.

इंटिग्रेशन करताना एक नियम कसोशीने पाळायचा: कंस फोडायचा नाही. ⟨x−2⟩ चे इंटिग्रेशन ⟨x−2⟩²/2 असेच लिहायचे. फोडून केले तर x²/2 − 2x येते. दोन्हींत फक्त एका स्थिर संख्येचा फरक आहे, पण सगळी करामत त्या फरकातच आहे. न फोडलेला कंस भाराच्या जागी बरोबर शून्यातून सुरू होतो, त्याचा वर्ग आणि घनही शून्यातूनच सुरू होतात. म्हणजे नवा भार समीकरणात शिरताना उतारात किंवा बाकात उडी पडत नाही. सांध्यावर दोन्ही बाजू आपोआप जुळतात. जी आठ समीकरणे आपण सांध्यांसाठी लिहिणार होतो, ती या लिहिण्याच्या पद्धतीनेच पुरी केली. दहा स्थिरांकांपैकी उरले फक्त दोन.

```
EI·y′ = 25x² − 10⟨x−1⟩² − 20⟨x−2⟩² − (5/3)⟨x−3⟩³ + (5/3)⟨x−5⟩³ + C₁

EI·y = (25/3)x³ − (10/3)⟨x−1⟩³ − (20/3)⟨x−2⟩³
       − (5/12)⟨x−3⟩⁴ + (5/12)⟨x−5⟩⁴ + C₁x + C₂
```

डाव्या टेकूवर x = ०, बाक शून्य. सगळे कंस बंद आहेत, म्हणून C₂ शून्य. इथे पुष्कळ विद्यार्थी घसरतात: (०−१) चा घन उणे १, (०−५) चा चौथा घात ६२५ अशा किमती घालून बसतात आणि C₂ उणे २८३ च्या आसपास आणतात. सुरुवात टेकूपासून केली असेल आणि C₂ शून्य आला नसेल, तर कुठला तरी बंद कंस उघडा धरला गेला, असे खुशाल समजावे. उजव्या टेकूवर x = ६ घातले की सगळे कंस चालू होतात आणि १८०० − ४१६.६७ − ४२६.६७ − ३३.७५ + ०.४२ + ६C₁ = ० यावरून C₁ = −१५३.८९ मिळतो.

सर्वात जास्त बाक जिथे उतार शून्य होतो तिथे असतो. ती जागा कोणत्या तुकड्यात आहे हे शोधायला उताराचे चिन्ह पाहायचे. x = २ वर EI·y′ ची किंमत −६३.८९ येते, तुळई अजून खाली उतरते आहे. x = ३ वर ती +११.११ येते, म्हणजे वर चढू लागली. तर तळ २ आणि ३ च्या मधे. तिथे फक्त पहिले दोन कंस चालू असतात, म्हणून साधे वर्गसमीकरण उरते आणि x = २.८४ मीटर मिळते. तिथे EI·y = −२७०.९, उणे चिन्ह म्हणजे खालच्या दिशेने.

या आकड्याकडे जरा निरखून पाहावे. मोमेंट सर्वात जास्त २ मीटरवर आहे, मोठ्या भाराच्या बरोबर खाली, ८० किलोन्यूटन-मीटर. तुळई तुटायची तर तिथे. पण सर्वात जास्त वाकते ती जवळजवळ मधोमध. बरोबर मध्यावरचा, x = ३ चा बाक काढला तर EI·y बरोबर −२७०.० येते, कमाल बाकापेक्षा जेमतेम तीन दशांश टक्के कमी. नुसत्या टेकवलेल्या तुळईवर सगळे भार खालच्या दिशेने असतील, तर ते कितीही एका बाजूला असले तरी मध्यावरचा बाक कमाल बाकाच्या अगदी जवळ राहतो. म्हणून साइटवर झटपट अंदाज हवा असेल तर उतार शून्य करत बसायची गरज नाही. मध्य घ्यावा आणि पुढे जावे. परीक्षेत मात्र पूर्ण रीत लिहावी लागते.

आता तुळई निवडू. आयएसएमबी ३०० चा I सुमारे ८६०४ सेंटिमीटरचा चौथा घात, आणि पोलादाचा E २०० गिगापास्कल. EI येतो १७,२०७ किलोन्यूटन-चौरस मीटर. २७०.९ ला त्याने भागले की बाक ०.०१५७ मीटर, म्हणजे १५.७ मिलिमीटर. तुळईचे स्वतःचे वजन मीटरला सुमारे ४४ किलो. ते धरले तर अजून ०.४ मिलिमीटर वाढतो. एकूण १६.१. भेगा पडू शकतील असे बांधकाम वर असेल तर आयएस ८००:२००७ लांबीच्या ३६०व्या भागापर्यंत बाक चालवून घेते, म्हणजे इथे १६.७ मिलिमीटर. ती मर्यादा फक्त चल भारासाठी आहे आणि आपण भिंतीसकट सगळा भार धरला, तरी तुळई बसते. पण हातात उरले किती, तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. भिंत उद्या आणखी वर नेण्याचा विचार असेल, तर पुढचा छेद घेणे शहाणपणाचे.

हे उत्तर खरे ठरायला काही गोष्टी गृहीत आहेत. तुळई पूर्ण लांबीभर एकाच छेदाची हवी. कमाल मोमेंटपाशी वरून-खालून पट्ट्या वेल्ड केल्या असतील तर I मधेच बदलतो आणि EI ला असे बाहेर ठेवता येत नाही. मग M ला EI ने भागून तयार होणाऱ्या उडीसाठी वेगळे कंस लिहावे लागतात किंवा मोमेंट-एरिया पद्धतीकडे वळावे लागते. टेकू खचायला नकोत. आणि तुळई पोलादाची हवी: आरसीसी तुळईत तडे गेले की I घटतो, आणि सततच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे सरकत राहते, त्यामुळे तिचा दीर्घकालीन बाक पहिल्या दिवसाच्या बाकाच्या दुपटीहूनही जास्त होऊ शकतो. तिथे कंस तेच राहतात, पण EI ची किंमत काढायला वेगळा हिशेब लागतो.