पाटी बदलण्याआधी

महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत अलीकडच्या काळात पाट्या बदलल्या त्या कायद्याच्या रेट्यामुळे. २०२२ साली राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत, असे ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पेंटर, फ्लेक्सवाले आणि एलईडी अक्षरे कापून देणारे यांच्याकडे रांगा लागल्या.

पाटी बदलायचीच आहे म्हटल्यावर बऱ्याच दुकानदारांनी नावातही थोडी भर घातली, रंगही बदलून घेतला. ‘स्वीट्स’चे ‘स्वीट मार्ट’ झाले, मरून पाटी निळी झाली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी व्यापारी संघाने ठेवलेले भाषण नेमके यावर होते. वक्ते छपाई आणि पॅकिंगच्या धंद्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. नव्या पाटीने गिऱ्हाईक वाढते, हा समज त्यांनी सुरुवातीलाच बाजूला ठेवला आणि एका मिठाईवाल्याच्या परवानगीने त्याच्या दुकानातल्या वस्तू टेबलावर मांडल्या.

पाटीवर ‘श्री गजानन स्वीट्स ॲण्ड फरसाण’. बिलावर ‘गजानन ट्रेडर्स’, कारण जीएसटीची नोंदणी त्या नावाने झालेली. पिशवीवर ‘गजानन मिठाई’. पेढ्याचा खोका घाऊक बाजारातून आणलेला, त्यावर ‘शुभ दीपावली’ आणि दुकानाचे नाव नाही. मोबाइलच्या नकाशावर कुणी तरी टाकलेले ‘गजानन स्वीट होम’. क्यूआर कोड स्कॅन केला की पडद्यावर मालकांच्या पत्नीचे नाव, कारण खाते त्यांचे. पैसे पाठवण्याआधी प्रत्येक नवे गिऱ्हाईक क्षणभर थांबते आणि विचारते, ‘‘हेच ना?’’ वक्त्यांच्या मते, दिवसातून कितीतरी वेळा विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाकडे दुकानदाराने लक्ष दिले, तर पाटीवर खर्च करण्याआधी काय दुरुस्त करायचे ते त्याला कळेल.

गावातली माणसे या दुकानाला काय म्हणतात, असे त्यांनी सभेला विचारले. उत्तर एका सुरात आले, ‘‘स्टँडवाले गजानन.’’ तालुक्यात गजानन नावाची आणखी दोन दुकाने असल्यामुळे लोकांनीच ही खूण केली होती, आणि ती दुकानाच्या एकाही कागदावर नव्हती. ‘गजानन स्वीट्स, स्टँडसमोर’ हे एकच रूप पाटी, बिल, पिशवी, खोका आणि नकाशा या सगळीकडे न्यावे, असा त्यांचा सल्ला होता. जीएसटी नोंदणीतले व्यापारी नाव दुरुस्त करता येते. दुकानाच्या नावाने चालू खाते काढले की क्यूआरवरही तेच नाव दिसते. या सगळ्याचा खर्च एका चमकत्या पाटीपेक्षा पुष्कळ कमी आहे.

नाव एकसारखे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्याचा विचार लहान दुकानदार सहसा करत नाहीत. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण आहे. उद्या कुणी तेच नाव नोंदवले, तरी त्याच्या आधीपासून आणि सलग ते वापरणाऱ्याला तो सहजासहजी थांबवू शकत नाही. पण सलग वापर दाखवायचा कशावरून? जुनी बिलबुके, खोके, वर्तमानपत्रातल्या दिवाळीच्या जाहिराती यांवरून. दर पाच वर्षांनी नाव बदलले की पुराव्याची ही साखळी तुटते. नोंदणी करायची तर लहान व्यावसायिकाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे तिचे नूतनीकरण होते.

याला मर्यादाही आहे. देवाच्या किंवा पूज्य ग्रंथाच्या नावावर कुणा एकाची मक्तेदारी मिळणे अवघड असते. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी केवळ आपले, हा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मान्य केला नाही. म्हणून नुसत्या ‘गजानन’पेक्षा ‘गजानन’ला जोडलेली खूण, अक्षरांचे वळण आणि रंग यांना जास्त महत्त्व येते.

रंगाच्या ताकदीबद्दल वक्त्यांनी दोन मोठी प्रकरणे सांगितली. पहिले अमेरिकेतले. पेप्सिको कंपनीच्या ट्रॉपिकाना रसाच्या खोक्यावर संत्र्यात खोचलेली स्ट्रॉ असे चित्र होते. जानेवारी २००९ मध्ये ते काढून रसाने भरलेल्या पेल्याचे साधे चित्र आले. आतला रस तोच होता, तरी दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुना खोका परत आणला. फळीसमोर उभे राहिलेले गिऱ्हाईक नाव वाचत बसत नाही. त्याचा हात ओळखीच्या आकाराकडे आणि रंगाकडे जातो, आणि ओळखीचे काही दिसले नाही तर शेजारच्या खोक्याकडे वळतो. पेप्सिकोसारख्या कंपनीला ही चूक परवडली. ऐन दिवाळीच्या तोंडावर खोक्याचा रंग बदलणाऱ्या मिठाईवाल्याला ती वर्षभर भोवते.

दुसरे प्रकरण आपल्याकडचे. कोलगेटच्या दंतमंजनाच्या डब्यावर वरचा साधारण एक तृतीयांश भाग लाल आणि खालचा पांढरा असे. अँकर कंपनीने त्याच रंगसंगतीचा डबा आणला तेव्हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. दोन्ही नावे पूर्ण वेगळी असूनही २००३ साली न्यायालयाने कोलगेटच्या बाजूने मनाई हुकूम दिला. अक्षर न वाचणारा माणूसही रंगांच्या त्या क्रमावरून डबा ओळखतो, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. खेड्यापाड्यातल्या दुकानदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘‘ती लाल पुडी द्या’’ असे मागणारे गिऱ्हाईक त्याच्या रोजच्या ओळखीचे आहे.

पण लाल म्हणजे कोणता लाल? भाषणाचा सर्वांत उपयोगी भाग इथे होता. दुकानदार पेंटरला सांगतो, ‘‘मागच्यासारखाच मरून.’’ छापखान्याला व्हॉट्सॲपवर पाटीचा फोटो पाठवतो आणि पिशवीवाल्याला तोंडी सांगतो. तिघांकडून तीन वेगळे रंग येतात. मोबाइलचा पडदा प्रकाशातून रंग दाखवतो आणि छापखाना चार शायांच्या मिश्रणातून तो काढतो, त्यामुळे पडद्यावरचा झळझळीत केशरी कागदावर मळकट उतरतो. फ्लेक्सवरचा लाल तर मॅजेंटा आणि पिवळा या दोन शायांतून बनतो, आणि उन्हात आधी उडतात त्या याच दोन. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानाची लाल पाटी उन्हाने फिकी गुलाबी होते आणि शेजारच्या निळ्या पाटीचा निळा मात्र टिकून असतो, ते यामुळे.

उपाय साधा आहे. आवडलेल्या रंगाचा छापलेला तुकडा आणि रंग कंपनीच्या शेड कार्डावरचा क्रमांक वहीत चिकटवून ठेवायचा. त्याच्या शेजारी चार शायांचे प्रमाण लिहायचे, उदाहरणार्थ मरूनसाठी सी ३०, एम १००, वाय ९०, के ३५. पेंटर, छापखाना, पिशवीवाला, टेम्पो रंगवणारा, कुणाकडेही जाताना ही वही बरोबर न्यायची. पहिला नमुना दिवसाच्या उजेडात दुकानाबाहेर धरून पाहायचा, कारण ट्यूबलाइटखाली मरून आणि चॉकलेटी सारखेच भासतात. शंभर वस्तूंवर रंग जुळवायची गरज नाही. पाटी, पिशवी आणि खोका या तिघांवर जुळला तरी गावाला दुकान दुरून कळते.

ते खरोखर कळते का, हे तपासायची रीतही त्यांनी दिली. ब्रँडच्या खुणांवर काम करणाऱ्या जेनी रोमानियुक या संशोधक अशा खुणांची दोन मापे घेतात. खूण पाहून किती जणांना ते नाव आठवते, हे पहिले. आठवलेल्या नावांत दुसऱ्याचे नाव किती वेळा येते, हे दुसरे. दुकानदाराने पिशवीवरचे नाव कागदाने झाकावे आणि वीस ओळखीच्या, पण नात्यातल्या नसलेल्या माणसांना विचारावे, ‘‘ही कुणाची?’’ बारा जणांनी आपले नाव घेतले, दोघांनी समोरच्याचे आणि सहा जण गप्प राहिले, तर रंगाला हात लावू नये, वापर वाढवावा. आठ जणांनी समोरच्याचे नाव घेतले, तर मात्र रंग बदलायला हवा, कारण आपल्या पिशवीतून त्याची जाहिरात होते आहे.

वचनाचा भाग वक्त्यांनी शेवटी घेतला, पण सर्वांत जास्त वेळ त्यालाच दिला. ‘दर्जा हीच आमची ओळख’ हे वाक्य खोटे नसेल, पण ते पडताळता येत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातही राहत नाही. वचन असे असावे, की मोडले तर गिऱ्हाईकाला त्याच क्षणी कळावे. शिंप्याने म्हणावे, ‘‘ब्लाउज सांगितलेल्या तारखेला, नाही तर शिलाई निम्मी.’’ हे लिहिण्याआधी त्याने मागच्या महिन्याची वही उघडावी. शंभरांतले तीस ब्लाउज उशिरा गेले असतील, तर १५० रुपये शिलाईच्या हिशेबाने महिन्याला २,२५० रुपये हातचे जातील. त्यापेक्षा तारीखच दोन दिवस पुढची सांगावी, लग्नसराईत चार दिवस पुढची, आणि मग वचन पाटीवर लिहावे. लग्नसराईत मोडणारे वचन न दिलेलेच बरे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि इथे त्यांचे म्हणणे पूर्ण पटते.

पुण्याच्या चितळे बंधूंची दुपारी एक ते चारची बंद दारे याच संदर्भात आठवतात. गिऱ्हाईकाच्या सोयीची नसलेली ही वेळसुद्धा इतकी वर्षे काटेकोर पाळली गेली, की ती दुकानाच्या ओळखीचा भाग झाली. २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरले, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. अर्थात केवळ वेळ पाळून कुणी मोठे होत नाही. गिऱ्हाईक पुन्हा येते ते बाकरवडीची चव बदलत नाही म्हणून.

सभेच्या शेवटी एका वयस्कर किराणा व्यापाऱ्यांनी प्रश्न विचारला. दोन भाऊ वेगळे झाले, दोघांनीही वडिलांचेच नाव लावले आणि दोन्ही पाट्यांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ असे लिहिले, तर खरे दुकान कोणाचे? वक्त्यांनी सांगितले, की वाटणीपत्रात जागा आणि माल लिहिला जातो, पण नावाचा उल्लेखच नसतो, आणि पुढचे भांडण तिथूनच सुरू होते. नाव, पाटीचा रंग, जुनी बिलबुके आणि दुकानाचा मोबाइल नंबर कोणाकडे राहील, हे वाटणीपत्रात वेगळ्या कलमात लिहावे. दोघांनाही नाव हवे असेल, तर प्रत्येकाने पुढे आपली खूण जोडावी आणि एकाने रंग बदलावा. हे सगळे दुकान एकत्र चालू असतानाच, वकिलाकडून लिहून घ्यावे.