आधी चाळण, मग क्रम

पुण्याची एक आई लंडनला लेकीच्या बाळंतपणाला निघाली आहे, असं धरू. वय पासष्ट, गुडघे दुखतात, एकटीचा प्रवास, आणि बॅगेत डिंकाचे लाडू, मेथ्या, बाळंतिणीचा मसाला. मुंबई ते लंडन असा शोध घेतला की पडद्यावर दोनशे पर्याय येतात. वर तीन बटणं असतात: Best, Cheapest, Fastest. बहुतेक जण Best वर बोट ठेवतात आणि पहिला पर्याय उचलतात. तो पर्याय नेमका कोणासाठी उत्तम आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

समजण्यासाठी चार पर्याय घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशीच यादी प्रत्यक्ष दिसते. पहिलं थेट विमान, ४६,००० रुपये. दुसरं आखाती देशातल्या एका विमानतळावर थांबून जाणारं, साडेतेरा तास, ३५,५०० रुपये. तिसरं तसंच, पण मध्ये रात्रभर थांबायला लावणारं, २२ तास, ३१,००० रुपये. चौथं युरोपातल्या एका शहरातून, १९ तास, २७,५०० रुपये.

आधी वेळा नीट वाचायला हव्यात. थेट विमान दुपारी १३.१० ला सुटतं आणि १८.३५ ला पोचतं. सव्वापाच-साडेपाच तासांचा प्रवास वाटतो, पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळातल्या आहेत. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे खरा प्रवास ९ तास ५५ मिनिटांचा. तिसऱ्या पर्यायात पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक +1 दिसतो. त्याचा अर्थ विमान दुसऱ्या दिवशी पोचतं. लेकीने विमानतळावर कोणत्या तारखेला यायचं, ते या एवढ्याशा खुणेवर ठरतं.

आता बटणांकडे. Fastest फक्त एकच गोष्ट मोजतं: पहिलं विमान सुटल्यापासून शेवटचं उतरेपर्यंतचा वेळ, मधला थांबा धरून. पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे चार तास त्यात नाहीत. थेट विमानासाठी या आईला सकाळी सहाला घर सोडावं लागेल. दुसरं विमान पहाटे ४.१५ चं आहे, म्हणजे रात्री नऊला निघून घाटातून जायचं आणि जागरणातच विमानात बसायचं. यादीला हे ठाऊक नसतं. शिवाय थांबा जितका छोटा तितकं विमान या यादीत वर जातं. पन्नास मिनिटांचा थांबा यादीत छान दिसतो. पण मोठ्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी करून दुसऱ्या टोकाच्या दारापर्यंत दुखऱ्या गुडघ्यांनी जायला तो पुरत नाही.

Cheapest तर फक्त आकडा पाहतं. चौथा पर्याय स्वस्त का आहे, ते उघडून पाहिलं की कळतं. तपशिलात self-transfer असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेली दोन तिकिटं शेजारी ठेवलेली. मधल्या शहरात बाहेर पडून सामान घ्यायचं आणि ते पुन्हा जमा करायचं. बाहेर पडायचं म्हणजे भारतीय पासपोर्टवर त्या देशाचा व्हिसा हवा, आणि या आईकडे फक्त ब्रिटनचा आहे. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही, तिकीट बुडालं. एकाच तिकिटावरचं पुढचं विमान असं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. शिवाय युरोपातल्या स्वस्त विमानात मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे लागतात. बाळंतिणीचा मसाला हातातल्या छोट्या पिशवीत मावत नाही.

Best हे मात्र या दोघांसारखं सरळ मोजमाप नाही. किंमत आणि सोय यांची सांगड घालून लावलेला तो क्रम आहे. गुगल फ्लाइट्स स्वतःच सांगतं की त्यात प्रवासाचा वेळ, थांबे आणि मध्ये विमानतळ बदलावा लागतो का, हे धरलं जातं. पण कशाला किती वजन द्यायचं, हे त्या संकेतस्थळाने ठरवलेलं असतं. त्याच्यापुढे पासष्टीची आई आणि पंचविशीचा विद्यार्थी सारखेच. काही ठिकाणी सगळ्यात वरची ओळ जाहिरातीची असते, तिच्यावरची बारीक खूण पाहायला विसरू नका.

वजन आपणच दिलेलं बरं, आणि त्याला कागद-पेन्सिल पुरते. दुसरा आणि तिसरा पर्याय शेजारी ठेवा. साडेचार हजार जास्त दिले की साडेआठ तास वाचतात, म्हणजे तासाला साधारण ५३० रुपये. विमानतळावरच्या खुर्चीत रात्र काढण्यापेक्षा हा सौदा मला सरळ पटतो. पहिल्या आणि दुसऱ्यात साडेदहा हजारांचा फरक, वाचणारा वेळ तीन तास ३५ मिनिटं, म्हणजे तासाला जवळजवळ २,९०० रुपये. इथे विचार करावा लागतो. धडधाकट माणसाने दुसरा पर्याय घ्यावा. या आईच्या बाबतीत मात्र प्रश्न नुसत्या तासांचा राहत नाही. अनोळखी विमानतळावर एकटीने विमान बदलणं आणि रात्रीचा घाट, हे दोन्ही टाळण्याचे ते पैसे आहेत.

म्हणूनच आधी चाळण लावायची आणि क्रम नंतर. आपल्याला जमणारच नाही, ते पहिल्यांदा काढून टाका. Stops मध्ये जास्तीत जास्त एक थांबा. Bags मध्ये मोठी बॅग धरलेली. Times मध्ये पुण्याहून सोयीने गाठता येईल अशी वेळ. थांबा दोन ते पाच तासांचा. self-transfer बंद करायची सोय असेल तर बंद. विमानतळही पाहून घ्या: लंडन म्हटलं की LHR, LGW, STN, LTN असे बरेच विमानतळ येतात, आणि लेक हीथ्रोजवळ राहत असेल तर स्टॅनस्टेडला उतरून वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. गोव्याला जाणाऱ्यांनी GOI म्हणजे दाबोळी आणि GOX म्हणजे मोपा, हे असंच तपासावं. सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळ, मडगावच्या माणसाला दाबोळी.

एवढं चाळून झालं की Cheapest वर बोट ठेवा. नको ते सगळं आधीच गळून पडलेलं असल्यामुळे आता सर्वांत वरचा पर्याय निर्धास्त पाहता येतो. कंपनीची आणि किमतीची चाळणी मात्र सुरुवातीलाच लावू नका. त्यांनी चांगले पर्यायही नकळत गळतात. चाळून दोन-तीनच उरले, तर एक अट सैल करा, वेळेची अट आधी.

परतीचं तिकीट असेल तर जाण्याच्या विमानासमोरचा आकडा बहुधा दोन्ही प्रवासांचा असतो, पण तो परतीच्या सर्वांत स्वस्त विमानाचा हिशेब धरून. परतीला सोयीचं विमान निवडलं की तो वाढतो.

शेवटी निवडलेल्या विमानाचा क्रमांक घेऊन त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंमत पाहा. फरक चार-पाचशेचा असेल तर तिथेच तिकीट काढा. कारण तारीख बदलायची वेळ आली, तर ज्याला पैसे दिले त्याच्याच दारात जावं लागतं, आणि बाळं ठरलेल्या तारखेला येतातच असं नाही.