चुकलेल्या नमस्काराला उत्तर

रोमन लिपीत टाइप केलेला मराठी नमस्कार फोनवर दोन वाटांनी बिघडतो. एक तर बोट शेजारच्या कळीवर पडतं, नाहीतर इंग्रजीसाठी बसवलेली आपोआप दुरुस्ती मराठी शब्द ओळखत नाही आणि त्याच्या जागी दिसायला जवळचा इंग्रजी शब्द बसवते. लातूरहून मावशीचा पुण्यातल्या भाच्याला असा निरोप येतो:

Hu bala, jasa ashes? Gharo sagle bare na?

कळफलकावर i च्या डावीकडे u आहे आणि उजवीकडे o, त्यामुळे Hi चं Hu झालं आणि Ghari चं Gharo. k च्या डावीकडे j आहे, म्हणून kasa चं jasa झालं. ahes हा शब्द मात्र मावशीने बरोबर टाइप केला होता, त्याचं ashes फोनने केलं. इतकं असूनही वाचणाऱ्याला अर्थ लागायला क्षणभरही लागत नाही. ख्यालीखुशालीचे शब्द ठरलेले असतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला, म्हणून निम्मी अक्षरं चुकली तरी वाक्य उभं राहतं.

अशा निरोपाचं काम माहिती देणं हे नसतंच. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली अशा बोलण्याला वेगळं नाव दिलं, कारण त्यातून माणसांमधला धागा जुळतो, शब्दांचा अर्थ दुय्यम असतो. मावशीला भाच्याची आठवण झाली, हाच तो निरोप, आणि तो बिनचूक पोहोचला आहे. नमस्काराला नमस्कार अपेक्षित असतो. त्या जागी चुकीचा उल्लेख आला की नमस्कार अधांतरी राहतो आणि पुढचं बोलणं चुकीभोवती फिरू लागतं: ‘अगं बाई, चष्मा नव्हता’, ‘हा फोनच मेला असा’, ‘मला नाही जमत रे हे’.

संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दुरुस्तीच्या दोन तऱ्हा दाखवल्या. उघड दुरुस्तीत चालू बोलणं थांबतं आणि दुरुस्ती हाच विषय होतो, त्यात माफी आणि सबबी ओघाने येतात. दुसऱ्या तऱ्हेत ऐकणारा योग्य शब्द आपल्या पुढच्या वाक्यात सहज वापरतो आणि बोलणं न अडखळता पुढे जातं. तिला मराठीत गुंफलेली दुरुस्ती म्हणता येईल. भाच्याचं उत्तर या तऱ्हेचं असू शकतं:

Namaskar mavshi! Mi majet ahe. Ghari sagle bare ahet. Tuza gudgha kasa ahe ata?

यात ghari, kasa आणि ahe नीट लिहिलेले आले, पण कशावरही बोट ठेवलेलं नाही. ते शब्द उत्तराला हवेच होते म्हणून आले. मावशीने विचारलेल्या दोन्ही गोष्टींचं उत्तर मिळालं आणि गुडघ्याच्या चौकशीने तिला पुढे बोलायला जागा झाली. लिपीही तिचीच ठेवली आहे. रोमनमधल्या चुकांना एकदम शुद्ध देवनागरीत उत्तर गेलं, तर तेही कुणाला टोचू शकतं. मात्र उत्तर धाडण्यापूर्वी एकदा वाचावं, कारण भाच्याचा फोनही ahet चं ahead करू शकतो.

बोलणारा स्वतःच आपली चूक दुरुस्त करणं पसंत करतो, हे शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, शिवाय अनेकजण खाली तारा करून बरोबर शब्द लिहितात. म्हणून मिनिटभर थांबून उत्तर दिलेलं बरं. तशी दुरुस्ती आलीच, तर तिच्यावर काही न बोलता मूळ प्रश्नाचं उत्तर द्यावं. नुसतं प्रश्नचिन्ह पाठवणं, हसरा चेहरा टाकणं किंवा गमतीने jasa हाच शब्द परत वापरणं, ही सगळी उघड दुरुस्तीच. दुखावलेल्या माणसाचे निरोप त्यानंतर आखडतात: चार ओळींच्या जागी अंगठ्याचं चित्र येऊ लागतं.

वार, वेळ किंवा रक्कम संदिग्ध असेल तर मात्र अंदाजावर सोडून चालत नाही. गाडी 7 ला की 8 ला हे कळत नसेल, तर ‘सातच्या गाडीने येतेस ना? स्टेशनवर येतो’ असं विचारावं. प्रश्न गाडीबद्दल राहतो, टायपिंगबद्दल नाही.

एका बाबतीत तर उत्तर टाइप करत बसूच नये. शेजारच्या कळी आणि आपोआप दुरुस्ती यांनी उलगडणारा घोळ साधा असतो. एरवी नीट लिहिणाऱ्या माणसाकडून अचानक कशाचाच अर्थ न लागणारे शब्द आले, तर लगेच फोन करून आवाज ऐकावा. बोलणंही अडखळत किंवा असंबद्ध असेल, तोंड एका बाजूला वाकलं असेल किंवा एक हात उचलत नसेल, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करून त्या घरी रुग्णवाहिका बोलवावी आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावं, कारण डॉक्टरांचे उपचार त्या वेळेवरून ठरतात.