पाळीव प्राण्यांवरील पिसवांचे नियंत्रण

कुत्रा किंवा मांजर यांच्या अंगावरील पिसवा मारणे आणि त्याच काळात घरातील अंथरुणे, सतरंज्या व गालिचे यांतील त्यांची अंडी, अळ्या व कोष काढून टाकणे, याला पिसवांचे नियंत्रण म्हणतात. दोन्ही प्राण्यांवर मुख्यतः मांजर-पिसू ही जात आढळते.

जीवनचक्र

रक्त शोषल्यानंतर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते व दिवसाला सुमारे ४० अंडी घालते. ही अंडी केसांना चिकटत नाहीत. प्राणी जेथे झोपतो तेथे ती गळून पडतात. अळ्या उजेड टाळून कापडाच्या विणीत शिरतात आणि प्रौढ पिसवांच्या रक्तयुक्त विष्ठेवर जगतात. कोष चिकट व धुळीने माखलेला असल्याने कीटकनाशक त्यात सहसा पोहोचत नाही. ऊब किंवा हालचाल जाणवली की त्यातून पिसू बाहेर येते. अन्यथा ती काही महिने आत राहू शकते.

हवामानाचा परिणाम

अळ्यांना दमट हवा लागते. ३५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक, कोरड्या उष्णतेत त्या मरतात. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातील मानोरा परिसरासारख्या विदर्भातील भागात उन्हाळ्यापेक्षा पावसाळा पिसवांना अधिक अनुकूल असतो. पावसाळ्यात गोधड्या नीट वाळत नाहीत, हेही याचे एक कारण आहे.

तपासणी

बारीक दातांच्या फणीने केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवतात. कणांभोवती तांबूस डाग पसरल्यास ती पिसवांची विष्ठा असते. साधी माती असा रंग सोडत नाही.

उपचार

घरात एक कुत्रा व एक मांजर असल्यास, एकालाच खाज येत असली तरी दोघांवर एकाच दिवशी उपचार करतात. फिप्रोनिलचे थेंब वजनानुसार मानेच्या मागे, केस बाजूला करून त्वचेवर सोडतात व साधारणतः दर महिन्याला पुन्हा देतात. त्याच दिवशी अंथरुणे ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुतात. गालिचे, भिंतीच्या कडा व खाटेखालची जागा झाडून किंवा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करतात आणि निघालेला कचरा लगेच घराबाहेर टाकतात. पुढेही ही सफाई वारंवार करतात, कारण तिच्या कंपनाने कोषांतील पिसवा बाहेर येतात व औषध लावलेल्या प्राण्यावर चढून मरतात.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्यास औषध निकामी ठरले असे नसते. त्या बहुधा जुन्या कोषांतून आलेल्या असतात. म्हणून उपचार किमान तीन महिने चालू ठेवतात.

धोके

कुत्र्यांच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजरांना विषारी असते. ते लावल्यास किंवा औषध लावलेल्या कुत्र्याला मांजराने चाटल्यास मांजराला थरथर व झटके येऊ शकतात. अशा वेळी तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे लागते. लहान पिल्लांसाठीही औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच निवडतात. पिसू गिळली गेल्यास पट्टकृमी होतो व शेपटीखाली तांदळासारखे तुकडे दिसतात. त्यासाठी जंताचे औषध वेगळे द्यावे लागते.