फ्लॅट अजून आहे का?

भाड्याच्या घराची जाहिरात दिसली की लोक दोन शब्दांचा निरोप टाकतात: ‘अव्हेलेबल का?’ पुण्यात कोथरूड, कर्वेनगर किंवा औंधसारख्या भागात चांगल्या फ्लॅटची जाहिरात लागली, तर मालकाच्या फोनवर असे निरोप दिवसभर येत राहतात. त्यातल्या बहुतेकांना तो उत्तरच देत नाही. तो उद्धट असतो असं नाही. समोर कुटुंब आहे की चार विद्यार्थी, घर उद्या हवंय की दिवाळीनंतर, यातलं काहीच त्या दोन शब्दांतून त्याला कळत नाही, एवढंच.

समजा, नाशिकहून पुण्याला बदली झालेलं एक जोडपं जूनपासून घर शोधतं आहे. त्यांचा निरोप असा असू शकतो: ‘नमस्कार. कोथरूडमधल्या तुमच्या टू बीएचकेची जाहिरात पाहिली. आम्ही तिघं आहोत, मुलगी पहिलीत आहे. दोघंही नोकरी करतो. 1 जूनपासून घर हवं आहे. फ्लॅट अजून रिकामा आहे का, आणि ताबा कधी मिळेल? डिपॉझिट किती? भाडं मेंटेनन्ससकट आहे की वेगळं? शनिवारी संध्याकाळी पाहायला आलो तर चालेल का?’ पगार किती, गाव कुठलं, आधीच्या मालकाशी का पटलं नाही, हे पहिल्याच निरोपात सांगायची गरज नाही. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर मात्र ते आधीच सांगावं. नाहीतर घर पाहून, आवडून, टोकन द्यायच्या वेळी नकार येतो.

ताबा कधी, हा प्रश्न मुद्दाम विचारायचा असतो. जाहिरात लागते तेव्हा पुष्कळदा जुना भाडेकरू आतच असतो. त्याची महिन्याची नोटीस चालू असते, आणि काही मालक नव्या माणसाचं डिपॉझिट हातात आल्यावरच जुन्याचं परत करतात. जुन्याचं घर लांबलं की नव्याचा टेम्पो खाली उभा राहतो. ‘फ्लॅट आहे’ आणि ‘फ्लॅट 1 तारखेला रिकामा असेल’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ‘तो आत्ताच गेला हो, पण शेजारच्या सोसायटीत तसाच आहे,’ असं उत्तर आलं, तर फोनवर बहुधा मालक नसून एजंट आहे. त्यात गैर काही नाही, पण मग त्याची दलाली किती, हेही तिथल्या तिथे विचारून घ्यावं.

आता मालकाचं उत्तर येतं: ‘हो, आहे. भाडं 24, डिपॉझिट 75, मेंटेनन्स एक्स्ट्रा.’ खरी गोम त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे.

एक्स्ट्रा म्हणजे किती? सोसायटीच्या बिलात दरमहा 3,200 रुपये असतील, तर घर 24 हजारांचं नसून 27,200 रुपयांचं आहे. शेजारच्या इमारतीतला मेंटेनन्ससकट 26 हजारांचा फ्लॅट जाहिरातीत महाग दिसतो. प्रत्यक्षात तो दरमहा 1,200 रुपयांनी स्वस्त असतो. अकरा महिन्यांच्या करारात हा फरक 13,200 रुपयांवर जातो. म्हणून आकडा ऐकून न थांबता ‘सोसायटीच्या शेवटच्या बिलाचा फोटो पाठवता का?’ असं विचारणं उत्तम. सरळ मालकाला त्यात अडचण नसते.

ते बिल वाचण्यासारखं असतं. सुरक्षारक्षक, सफाई, कॉमन लाइट असा सेवाशुल्काचा भाग त्यात असतो. पाणी आणि लिफ्ट हे खर्च वेगळे लावलेले दिसतात. सिंकिंग फंड असतो, काही ठिकाणी मालमत्ता करही. सिंकिंग फंड आणि मालमत्ता कर हे मालकीचे खर्च आहेत. ते भाडेकरूकडून घ्यायचे का, हे बोलून ठरवता येतं, आणि बोलायची वेळ हीच. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाला ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ही लावते. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशानुसार सहकारी गृहनिर्माण सोसायटीत ही रक्कम सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि तो टक्का संपूर्ण बिलावर लावायचा नसतो. सेवाशुल्क 2,000 असेल तर फार तर 200 रुपये. ‘भाडेकरू असला की सोसायटी हजार रुपये जादा घेते,’ असं कुणी सांगितलं, तर बिलात तो आकडा नेमका कुठे आहे ते पाहावं. बावधन किंवा वाघोलीसारख्या भागात आणखी एक प्रश्न लागतो: टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की उन्हाळ्यात वेगळा येतो?

डिपॉझिटवर महाराष्ट्रात कायद्याची ठरावीक कमाल मर्यादा नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण असा कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तेव्हा 75 हजार म्हणजे तीन महिन्यांहून थोडं जास्त, आणि घासाघीस करायला जागा आहे. पण रकमेपेक्षा ती परत कधी मिळणार आणि तिच्यातून काय कापणार, हे जास्त महत्त्वाचं. ‘रंगाचे पैसे कापू’ हे वाक्य बऱ्याच मालकांच्या तोंडी असतं. एक महिन्याचं भाडं कापणार की प्रत्यक्ष खर्च, हे लेखी उत्तरात आलं की पुढे करारात टाकता येतं. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘नोटरीवर भागवू’ म्हणणाऱ्याला पहिल्याच बोलण्यात नम्रपणे नाही म्हणावं.

राहिली भेटीची वेळ. दुपारी दोनला सगळेच फ्लॅट शांत आणि हवेशीर वाटतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला गेलं तर पार्किंग भरलेलं असतं, लिफ्टसमोर रांग असते आणि खालच्या रस्त्याचा आवाज कळतो. पुण्यात देखभालीसाठी पाणी किंवा वीज बंद ठेवायची ती बहुतेक गुरुवारी. त्यामुळे गुरुवारी गेल्यास जनरेटर आणि टाकीची परीक्षा आपोआप होते. नळाचा दाब मात्र त्या दिवशी पाहून उपयोग नाही. निघण्याआधी विंग आणि फ्लॅट नंबर मागून घ्यावा आणि मालकाला गेटवर कळवायला सांगावं.

भेटीची वेळ ठरवतानाच भामटा ओळखू येतो. तो स्वतःला लष्करातला किंवा निमलष्करी दलातला अधिकारी म्हणवतो, बदली झाली म्हणून बाहेरगावी आहे असं सांगतो, ओळखपत्राचा फोटो न मागता पाठवतो, आणि घर पाहण्यासाठी ‘गेट पास’चे परत मिळणारे पैसे आधी भरायला लावतो. मग पैसे परत देतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. खरा मालक घर दाखवायचे पैसे घेत नाही. टोकन द्यायची वेळ आली की त्याआधी इंडेक्स टू किंवा मालमत्ता कराची पावती पाहावी, त्यावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळतं का तपासावं, आणि पैसे खात्यातच भरावेत.

घर पाहून आवडलं नाही, तर त्याच रात्री मालकाला तसं कळवून टाका. तुमच्या उत्तरासाठी त्याने दुसऱ्या कुणाला थांबवून ठेवलेलं असू शकतं.